मॅट्रिमोनी साइटने कबूल केलेली स्थळं आलीच नाहीत: वर्गणीतले काही पैसे परत मागण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात साखळीला माझी बहीण असते. तिच्या मुलीसाठी भावोजींनी तुळशीच्या लग्नाच्या आधी एका मॅट्रिमोनी साइटची सहा महिन्यांची ‘असिस्टेड’ वर्गणी घेतली. 21,240 रुपये भरले. लग्न जमलं नाही, त्याची तक्रार नव्हती. फोनवर कबूल केलेली स्थळं आलीच नाहीत, ही तक्रार होती. भावोजींना इंग्रजी पत्रव्यवहाराचा कंटाळा, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून डिचोली, म्हापसा, पेडणे इथले ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात. दरवेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा उत्तरं इथेच लिहून ठेवतो. साइटचं नाव मुद्दाम घालत नाही.

लग्न जमलं नाही म्हणून पैसे परत मागता येतात का?

नाही. या कारणावर पत्र लिहिलंत तर पहिल्याच उत्तरात हराल. लग्न जुळवून देऊ असं साइटच्या अटींमध्ये कुठेच नसतं. उलट जुळण्याची हमी नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते रास्तही आहे. पत्रिका, पगार, मुलीचं मन, यावर कंपनीचा ताबा नाही.

मागायचे ते न दिलेल्या सेवेचे पैसे. ‘असिस्टेड’ प्लॅनमध्ये दोन गोष्टी एकत्र विकलेल्या असतात. एक म्हणजे साइटवर स्वतः शोधायची आणि ठरावीक संपर्क क्रमांक पाहायची सोय. दुसरी म्हणजे एक माणूस, ज्याला ते ‘रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणतात. तो तुमच्या अटींप्रमाणे स्थळं निवडून, समोरच्या घराशी बोलून तुम्हाला कळवणार. साधारण पहिली गोष्ट मिळते आणि दुसरी मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये ‘सेवेतील उणीव’ची व्याख्या आहे. कराराने किंवा अन्य प्रकारे जे काम करायचं कबूल केलं त्यातली त्रुटी म्हणजे उणीव. लग्न न होणं त्यात बसत नाही. महिन्याला पाच स्थळं कबूल करून दोनही न देणं बसतं.

मग सगळेच पैसे का मागू नयेत?

काहीच मिळालं नसेल तर जरूर मागा. 2024 मध्ये बंगळूरच्या ग्राहक आयोगाने अशाच एका प्रकरणात 30,000 रुपयांची पूर्ण फी नुकसानभरपाईसह परत करायला लावली. तिथे 45 दिवसांत स्थळ शोधून देतो असं सांगितलं होतं आणि एकही दिलं नव्हतं. आमच्याकडे थोडं आलं होतं. थोडं घेऊन सगळं मागितलं की कंपनी तुमचा लॉगिनचा इतिहास समोर टाकते: अमुक वेळा आलात, तमुक नंबर पाहिलेत. मग तुम्हीच उत्तरं देत बसता. वापरलेला भाग स्वतःहून वजा करून मागितलं की तो मुद्दा तिथेच संपतो.

कंपनी म्हणते, ‘आम्ही स्थळं पाठवली.’ आता?

सगळं भांडण याच वाक्यावर असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कंपनीच्या हिशेबात स्थळ म्हणजे पाठवलेली लिंक. आपल्याकडे स्थळ म्हणजे ज्या घरी निदान विषय काढलेला आहे ते घर. या दोन अर्थांमध्ये तुमचे पैसे अडकलेले असतात. त्यामुळे विकताना नेमका कोणता शब्द वापरला होता तो शोधा. भावोजींच्या व्हॉट्सअॅपवर मॅनेजरचा मेसेज होता: ‘महिन्याला 5 शॉर्टलिस्टेड प्रोफाइल, तुमच्या प्रेफरन्सप्रमाणे, फॅमिलीशी बोलून.’ ‘फॅमिलीशी बोलून’ हे दोन शब्द आम्हाला सोन्यासारखे ठरले.

नंतर मी एका वहीत आलेली स्थळं ओळीने मांडली. सहा महिन्यांत 30 यायला हवी होती, आली 11. त्यातली तीन विदर्भातली होती. आमची अट गोवा, सिंधुदुर्ग किंवा बेळगाव अशी होती. दोन घटस्फोटित, अट प्रथम विवाहाची. एकाचं वय 38, मर्यादा 32 ची. एका घरी बहिणीने फोन केला तर मुलाचा साखरपुडा तीन महिन्यांपूर्वीच झालेला. त्याच्या आईला वाईट वाटलं आणि बहिणीला लाज. उरली चार. त्यातले दोघे फोन उचलेनात, एक म्हणाले ‘आमच्याशी कोणीच बोललं नाही’, आणि एका घराशी म्हापशात भेट झाली, पत्रिका जुळली नाही. पत्रिका न जुळणं हा कंपनीचा दोष नव्हे, म्हणून ते स्थळ मी पूर्ण मोजलं. खरं तर बाकीची तीनही कबुलीत बसत नव्हती, पण अटींमध्ये बसत होती म्हणून तीही मोजली. 30 पैकी चार, असा सढळ हिशेब धरला.

अशी यादी तुम्हीही करा. तारीख, प्रोफाइल क्रमांक, कोणती अट मोडली, एवढंच. ‘स्थळं चांगली नव्हती’ असं लिहू नका. चांगलं-वाईट हा मताचा प्रश्न, 38 आणि 32 हा नाही.

गोव्यातल्यांसाठी एक आडवी गोष्ट. आपलं राज्य लहान. त्यात पोटजात, कुळदैवत, वय, शिक्षण अशा चाळण्या लावल्या की साइटवर मुळातच मूठभर स्थळं उरतात. विकणाऱ्याला ते पैसे घेण्याआधी दिसत असतं. म्हणून वर्गणी घ्यायच्या आधी फुकटच्या शोधात तुमच्या अटी टाकून किती निकाल येतात त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. 14 निकाल दिसत असताना कोणी 30 कबूल करत असेल तर तुमची केस त्या क्षणीच तयार होते.

परत किती मागायचं, ते कसं काढायचं?

आम्ही असं काढलं. 21,240 मध्ये मूळ किंमत 18,000 आणि 18 टक्के जीएसटीचे 3,240. त्याच साइटचा, मॅनेजर नसलेला, स्वतः शोधायचा सहा महिन्यांचा प्लॅन तेव्हा 4,500 ला होता. तेवढी सेवा आम्हाला मिळाली असं धरलं. म्हणजे मॅनेजरच्या कामाचे 13,500. ते 30 स्थळांवर वाटले तर एका स्थळाला 450. न आलेली 26, त्यांचे 11,700. त्यावरचा जीएसटी 2,106. एकूण मागणी 13,806 रुपये.

हीच पद्धत बरोबर असं नाही. तुमच्याकडे मॅनेजर दोन महिन्यांनी गायबच झाला असेल तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात मागणं सोपं. पण आकडा कुठून आला ते एका परिच्छेदात सांगता आलं पाहिजे. ‘निम्मे तरी द्या’ म्हणणाऱ्याला ते 2,000 वर बोळवतात.

जीएसटी सरकारजमा झाला, तो परत देता येत नाही, असं सांगतील. सेवेत कमतरता निघाली तर विक्रेत्याला बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट काढता येते. सीजीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये तशी तरतूद आहे. त्यांना आपला कर समायोजित करायला मुदत मिळते ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत. तारखेचा उल्लेख पत्रात केलात की समोरचा सावध होतो.

सगळं फोनवर सांगितलं, लिहून काहीच दिलं नाही. पुरावा कुठून आणू?

फोनवरची कबुली लेखी करून घ्यायला अजून उशीर झालेला नाही, प्लॅन चालू असेल तर विशेषच. मॅनेजरला साधा मेसेज टाका: ‘आपण अमुक तारखेला महिन्याला 5 स्थळं म्हणाला होता. या महिन्यात एकच आलं. बाकीची कधी?’ तो ‘सॉरी सर, पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाला की कबुली मिळाली. ‘असं म्हणालोच नव्हतो’ असं कोणी सहसा लिहीत नाही, कारण त्याला पुढच्या महिन्यात प्लॅन वाढवून विकायचा असतो.

तुम्ही स्वतः बोललेल्या कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर जपा. ते आयोगापुढे ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. पूर्वी 65-ब म्हणायचे तेच हे. प्लॅन घेतला त्या दिवशीचं जाहिरातीचं पान, पावती, ‘ऑफर आज रात्री संपते’ असे मेसेज, सगळं ठेवा. ती ऑफर दुसऱ्या दिवशीही तशीच दिसत असेल तर तोही स्क्रीनशॉट घ्या. खोटी घाई लावणं हा प्रकार 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये नावानिशी आहे.

अटींमध्ये ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही’ असं आहे. आम्ही तर ‘मान्य’ वर टिक केलं.

सगळ्यांनीच केलेलं असतं. ही अट तुमचं मन बदललं तर लागू पडते. कंपनीने स्वतः काम केलं नाही तर ती ढाल म्हणून चालेलच असं नाही. ग्राहक आयोग अशा अटीपलीकडे जाऊन पैसे परत करायला लावतात. ‘वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात’ या ओळीलाही घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते.

मात्र एक खाचखळगा आहे. ‘ही अटच अन्यायकारक आहे, ती रद्द करा’ अशी मागणी केलीत तर तो ‘अन्याय्य करारा’चा विषय होतो, आणि तो जिल्हा आयोगाकडे नसून राज्य आयोगाकडे जातो. तेरा हजारांसाठी तिथवर जायचं कारण नाही. तक्रारीत सेवेतील उणीव आणि अनुचित व्यापार प्रथा एवढंच म्हणा, अटीला हात लावू नका.

पहिलं पत्र कोणाला आणि कसं लिहायचं?

मॅनेजरला नाही. साइटच्या तळाशी ‘ग्रिव्हन्स ऑफिसर’चं नाव आणि ईमेल असतं, त्यांना. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. आमचं पत्र इंग्रजीत होतं, त्याचा मजकूर साधारण असा:

‘मी अमुक तारखेला प्रोफाइल क्रमांक अमुकसाठी सहा महिन्यांचा असिस्टेड प्लॅन 21,240 रुपयांना घेतला. आपल्या प्रतिनिधीने अमुक तारखेच्या मेसेजमध्ये महिन्याला पाच, कुटुंबाशी बोललेली आणि आमच्या अटींनुसार स्थळं देण्याचं कबूल केलं. मुदतीत 30 ऐवजी 11 मिळाली. त्यातली सात अटींबाहेरची होती. यादी सोबत आहे. चार स्थळं आणि साइटचा स्वतः केलेला वापर वजा करून 13,806 रुपये माझ्या खात्यात 30 दिवसांत परत करावेत. हिशेब सोबत जोडला आहे. मुदतवाढ नको आहे.’

एवढंच. मुलीचं वय वाढतंय, घरात ताण आहे, देवाला कौल लावला, हे पत्रात घालू नका. खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यातून ‘भावनिक तक्रार’ असा शिक्का मारता येतो.

ते म्हणतात, तीन महिने फुकट वाढवून देतो. घ्यावं का?

आम्ही नाही घेतले. मुदतवाढ घेतली की तक्रार मिटली अशी नोंद होते आणि तीन महिन्यांनी तुम्ही तिथेच असता. पण तुमचा मॅनेजर खरंच काम करत होता आणि मधे बदलला म्हणून घोळ झाला असेल तर घ्यायला हरकत नाही. मग ‘ही मुदतवाढ परताव्याच्या मागणीला बाध आणणार नाही’ असं उत्तरात लिहून पाठवा.

1915 ला फोन केल्याने काही होतं का?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचवते, एवढंच, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं. consumerhelpline.gov.in वर तक्रार टाकली तर कागद जोडता येतात, फोनवर ते जमत नाही. मिळालेला डॉकेट क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहा. ग्रिव्हन्स ऑफिसरचा महिना संपल्यावरच इकडे या, नाहीतर ‘प्रकरण आमच्याकडे विचाराधीन आहे’ असं उत्तर येतं.

आयोगात जायचं तर कुठे, आणि खर्च किती?

उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते, आणि अर्ज केल्यास व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. मराठी मेसेज जोडाल तर सोबत इंग्रजी अनुवाद द्या. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचं.

कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. तो प्रयत्नच असतो, तारखा लागत जातात. समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15 मिळतात. पैशासोबत मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. मात्र तेरा हजारांच्या वादात लाखाची भरपाई मागून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

पैसे वडिलांनी भरले, प्रोफाइल मुलीचं. तक्रार कोणी करायची?

दोघांनी मिळून. पैसे भरणारा ग्राहक असतोच, आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) प्रमाणे ग्राहक. एकट्या वडिलांचं नाव असलं की कंपनी ‘आमचा सदस्य हा नव्हे’ म्हणून आठवडाभर घालवते.

क्रेडिट कार्डावरून भरले होते. बँकेकडून परत येतील का?

सेवा मिळाली नाही, या कारणाने बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, पण त्याला मुदत असते आणि ती महिन्यांत मोजतात, म्हणून लवकर विचारा. अर्धवट मिळालेल्या सेवेत बँका कचरतात. यूपीआयने भरलं असेल तर ही वाट जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा आधी अॅपमधल्या ऑटोपे यादीत जाऊन साइटचा मँडेट रद्द करा. आमच्या ओळखीत एकांचं लग्न ठरलं, तरी पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी कापली गेली.

स्थळ म्हणून बोलणाऱ्या माणसानेच पैसे मागितले. तेही यात धरायचे का?

नाही, ती वेगळी वाट. लगेच 1930 ला फोन, cybercrime.gov.in वर तक्रार. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येते. साइटकडे त्या प्रोफाइलची लेखी तक्रार करा, पण ते पैसे वर्गणीच्या हिशेबात मिसळू नका.

तुमचं शेवटी काय झालं?

ग्रिव्हन्स ऑफिसरकडून आधी मुदतवाढ आली, मग ‘सदिच्छा म्हणून’ 4,000. आम्ही यादी परत पाठवली आणि सातपैकी कोणतं स्थळ अटीत बसतं ते दाखवा म्हटलं. उत्तर आलं नाही. महिना संपल्यावर हेल्पलाइनवर तक्रार टाकली, अकराव्या दिवशी फोन आला: 11,700 देतो, जीएसटी नाही. मी हट्ट धरला असता. भावोजी म्हणाले, ‘पुरे झालं आता, माका झोप जाय.’ घेतले.

पैसे खात्यात येण्याआधी ‘कसलीही तक्रार उरली नाही’ अशा ईमेलला होकार मागतात. आम्ही लिहिलं, रक्कम जमा झाल्यावर होकार देऊ. चार दिवसांत जमा झाली.

आता वैताग आला, प्रोफाइल काढून टाकू का?

पैसे मिळेपर्यंत नको. काढलंत की चॅट, आलेली स्थळं, कोणाला कधी विनंती गेली हे सगळं तुमच्या हातून जातं, कंपनीकडे मात्र राहतं. ‘लपवा’ असा पर्याय असतो तो निवडा. त्याआधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्या, वर तारीख-वेळ दिसेल असे. प्रोफाइलवरचे फोटो मात्र आजच काढून टाका. ते पुराव्याला लागत नाहीत.